आठ माणसं, मटण-भाकरीचा बेत आणि वाईन: कोणती घ्यावी, किती बाटल्या?

मुग्धा_कोथरूड

पुढच्या शनिवारी घरी नवऱ्याच्या मित्रांच्या तीन जोड्या जेवायला येताहेत. आम्ही दोघं धरून आठ जण. नेहमी व्हिस्की-बिअर असते, पण ही मंडळी नुकतीच नाशिकला वायनरी बघून आलीत, त्यामुळे "या वेळी फक्त वाईन" असं ठरलंय. ठरवणारे ते, धावपळ माझी.

बेत असा: आधी कोथिंबीर वडी आणि तव्यावरची सुरमई. मग सुकं मटण, तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी, भात, सोलकढी. एक वहिनी शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी भरली वांगी. शेवटी आम्रखंड.

आठातली एक मैत्रीण अजिबात घेत नाही आणि एका भावजींना गाडी चालवत वाकडला जायचंय. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "माणशी एक बाटली धरा मॅडम, कमी पडायला नको." म्हणजे आठ? मला हे फार वाटतंय. आणि या जेवणाबरोबर नक्की कोणती वाईन जाते? नेटवर जे वाचते त्यात सगळीकडे चीज आणि पास्ता. तांबड्या रश्श्याचं कोणी नावच काढत नाही.

भटका_कॅप्टन

अहो, सोपं आहे. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल. सुरमईला दोन पांढऱ्या, मटणाला चार लाल, विषय संपला. लाल भारीतली घ्या, शिराझ किंवा कॅबर्ने. आणि लाल वाईन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, ती खोलीच्या तापमानालाच पितात. वीस वर्षं जहाजावर होतो, जगभर प्यायलोय.

द्राक्षबाग

मुग्धाताई, नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये सहा वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. पण आधी एक सांगा, पानं किती वाजता वाढणार? आणि लोक जेवताना पितात की आधीच पिऊन घेतात?

मुग्धा_कोथरूड

आठला येतील. पानं वाढायला सव्वादहा तरी होतात. आणि तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, ताट समोर आलं की ग्लास बाजूलाच राहतात. सोलकढीची वाटी आली की संपलंच.

द्राक्षबाग

मग तुमचा निम्मा प्रश्न सुटला. परदेशी पुस्तकात वाईन जेवणाबरोबर असते. आपल्याकडे ती चकण्याबरोबर असते. तुमच्या घरी सव्वादोन तास जी प्यायली जाणार आहे ती कोथिंबीर वडी आणि सुरमईसोबत. मटणाच्या वाट्याला फार तर अर्धा-एक ग्लास येईल. म्हणून बहुतेक बाटल्या वडी आणि सुरमईकडे बघून घ्या. कॅप्टनसाहेबांच्या चार लाल बाटल्यांतल्या तीन रविवारी सकाळी तुमच्या ओट्यावर तशाच उभ्या असतील.

आता कोणती ते. कोथिंबीर वडी म्हणजे बेसन, तीळ आणि तेल. तळलेल्यावर आपण लिंबू पिळतो तेच काम वाईनमधल्या आंबटपणानं करायचं असतं. त्यासाठी सुरुवातीला एक ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची, गोड नसलेली. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचं तेल धुऊन काढतात आणि पुढची वडी पहिल्यासारखीच लागते. शिवाय बुडबुड्यांची बाटली उघडली की नवखेही मोकळे होतात, हा अनुभव.

सुरमईला तिखट-हळद-आगळ लावणार असाल तर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या. नाशिकची शेनिन बहुतेक किंचित गोडसर असते, सुलाची तर हमखास. वाईन जाणणारे त्याला नाकं मुरडतात, पण तिखटापुढे तोच गोडवा कामाला येतो. तिखट लागल्यावर आपण गुळाचा खडा तोंडात टाकतो, तसंच.

बाटलीवरचं साल बघायला विसरू नका. आपल्याकडे द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे या सालची पांढरी वाईन याच सालात दुकानात येते. साधी पांढरी चालू किंवा गेल्या सालची घ्या. "जुनी तितकी चांगली" हे तिला लागू नाही.

भटका_कॅप्टन

म्हणजे मटणाबरोबर लाल नाही? हे जरा अतीच झालं. जगात सगळीकडे लाल मांसाला लाल वाईन.

द्राक्षबाग

कॅप्टन, तुमचा नियम चूक नाही, पण तो भाजलेल्या मटणाचा आहे, रश्श्याचा नाही. लाल वाईनला जो तुरटपणा असतो तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी कोरडी, खरखरीत होते, तसा. मांसातली चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा शोषून घेतात, म्हणून भाजलेल्या मटणाबरोबर तीच वाईन मऊ लागते. पण तांबड्या रश्श्यात जिभेला आधीच मिरचीची आग असते. तिच्यावर तुरटपणा आला की आग वाढते आणि अल्कोहोल तीत तेल ओततं. साडेबारा टक्क्यांची आणि साडेचौदा टक्क्यांची वाईन रश्श्याबरोबर पिऊन बघा, फरक पहिल्याच घोटात कळतो.

घरी करून बघायची सोपी युक्ती: लाल वाईनचा एक घोट घ्या, मग रश्श्याचा एक चमचा, मग परत घोट. दुसऱ्या घोटाला फळाची चव गायब होऊन नुसतं कडू-तिखट लागलं तर ती जोडी जमली नाही.

सुक्या मटणाला मात्र एक लाल ठेवाच. सुकं, खोबऱ्यावर परतलेलं, रस्सा न ओतता. फक्त तुरटपणा कमी असलेली घ्या. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेजे चालेल, लाकडाचा वास कमी असलेली साधी शिराझही चालेल. "रिझर्व्ह" लिहिलेली, पिंपात मुरवलेली महागडी बाटली या जेवणाला आणू नका. पैसे वाया आणि वाईनही वाया.

रेवा_पणजी

आमच्याकडे हा प्रश्नच नाही :) नाताळाला शेजाऱ्यांकडे सोरपोतेल असतं आणि त्याच्याबरोबर गोव्याची गोड पोर्ट. नवरा म्हणतो हे कफ सिरप आहे. पण तिखट, व्हिनेगर घातलेलं सोरपोतेल आणि गोड वाईन हे खरंच जमतं. मुग्धा, पोर्टची एक बाटली घेऊन ठेव, आम्रखंडाबरोबर चालेल ना?

द्राक्षबाग

रेवाताई, सोरपोतेलबरोबर जमतं त्याचं कारण वर लिहिलंय तेच, तिखट-आंबटापुढे गोड. आम्रखंडाची गोष्ट उलटी आहे. वाईन गोडाहून जास्त गोड असेल तरच टिकते, नाहीतर आंबट आणि पाणचट लागते. आम्रखंडाहून गोड वाईन मी अजून पाहिली नाही. आम्रखंडाबरोबर वाईन नको, कॉफी द्या.

आप्पा_सातारकर

छान माहिती. मी रोज जेवणानंतर द्राक्षासव घेतो, चार चमचे, तेवढंच पाणी घालून. पचनाला उत्तम. पाहुण्यांना किती चमचे द्यावे यावर वैद्यांचा सल्ला घ्यावा. बाटली एकच पुरेल.

मुग्धा_कोथरूड

आप्पा, _/\_ आमच्याकडची मंडळी चमच्यावर थांबणाऱ्यातली नाहीत.

श्टुटगार्टचा_शिरीष

इथे आमच्या मराठी मंडळाच्या घरगुती जेवणांना मिसळ असो की कोंबडी रस्सा, मी मोझेल नदीकाठची रिझलिंग ही पांढरी वाईन नेतो. मात्र "ट्रोकन" लिहिलेली नाही, ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली असते. "फाइनहेर्ब" किंवा "काबिनेट" लिहिलेली. इथली खूण म्हणजे अल्कोहोलचा आकडा: आठ-नऊ टक्के असेल तर द्राक्षातली बरीच साखर आंबवायची शिल्लक आहे, म्हणजे वाईन गोडसर. बारा-साडेबारा असेल तर बहुतेक कोरडी. कोल्हापुरी मसाल्यापुढे आठ टक्केवाली रिझलिंग टिकते, हे मी इथल्या जर्मन सासऱ्यांनाही पटवलंय. मुग्धाताई, तिकडे मिळाली तर बघा, पण आयात केलेली म्हणून किंमत बघून चक्कर येईल.

मुग्धा_कोथरूड

आयात नको, बजेट नाही. सगळ्यांना धन्यवाद, पण बाटल्यांचा आकडा अजून कोणी सांगितला नाही. आणि वांग्याचं काय?

द्राक्षबाग

आकडा मांडू. आठातून न घेणारी एक गेली, गाडीवाले भावजी गेले. "एखादा ग्लास चालतो" असं त्यांना कोणी म्हणू नका. उरले सहा.

घरगुती बैठकीत पहिल्या तासात माणूस साधारण दीड ग्लास घेतो, मग तासाला एक. तुमच्याकडे पान वाढेपर्यंत सव्वादोन तास, म्हणजे अडीचच्या थोडं वर. जेवताना अर्धा. एकूण तीन ग्लास धरा. सहा जणांचे अठरा ग्लास.

आता ग्लास केवढा? बाटली ७५० मिलीची. हॉटेलात मोजून ओततात तेव्हा १२५ मिली पडतं, सहा ग्लास निघतात. घरी यजमानाचा हात सैल असतो, १५० मिली सहज जातं आणि बाटलीचे पाचच होतात. अठरा ग्लास गुणिले १५० म्हणजे २७०० मिली, म्हणजे साडेतीन बाटल्यांच्या थोडं वर. चार लागतील. एक राखीव. एकूण पाच. दुकानदाराच्या आठ नाहीत.

त्या पाच अशा: एक ब्रूट, सहा जणांना १२५ मिलीचा एकेक ग्लास बरोब्बर पुरते. दोन शेनिन. एक लाल. राखीव पाचवीही शेनिनच, कारण उरली तर न उघडता महिनाभर राहील आणि कोणत्याही रविवारच्या माशाला चालेल. ब्रूट मात्र उघडली की त्याच रात्री संपवायची. तिचं वेगळं घट्ट बूच मिळतं, ते असेल तर एखादा दिवस.

भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, गूळ, म्हणजे तेलकट आणि गोडसर. शेनिन चालेल. लालही चालेल, वांग्याला स्वतःचा थोडा तुरटपणा असतोच.

भटका_कॅप्टन

सहा माणसांना एक लाल? माझ्या घरी असं केलं तर मित्र बोलणं टाकतील. तुमचा दीड ग्लास वगैरे हिशेब टेस्टिंग रूमचा आहे, थुंकून टाकणाऱ्यांचा. मुग्धा, सात घ्या. उरलेली खराब होत नाही.

द्राक्षबाग

तुमच्या मित्रांचा हिशेब मी केलेला नाही :) पण मुद्दा रास्त आहे. व्हिस्कीवाले पहिल्यांदा वाईनवर येतात तेव्हा ग्लास पाण्यासारखा रिकामा करतात. नवऱ्याचे मित्र तसे असतील तर सहा करा. त्याहून जास्त लागलं तर अडचण वाईनची नाही. आणि घेणाऱ्या प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास ठेवा, भरलेला.

पल्लवी_डोंबिवली

माझा एक अनुभव सांगू का? गेल्या मे महिन्यात एका दुकानातून लाल बाटली आणली, काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी होती. घरी आल्यावर बघितलं तर बूच मानेतून किंचित वर आलेलं आणि वेष्टण चिकट. उघडली तर शिजवलेल्या जामसारखा वास. दुकानदार म्हणे, "वाईन अशीच असते." आता मी फक्त फिरकीचं झाकण असलेलीच घेते.

द्राक्षबाग

पल्लवीताई, बरोबर ओळखलंत. उष्णतेनं वाईन फुगते, बूच ढकलते आणि कडेनं पाझरते. दुकानात घेतानाच अंगठ्यानं बुचाचा माथा चाचपायचा. बाटलीच्या कडेच्या वर आला असेल तर ठेवून द्या. पण फिरकीचं झाकणही उन्हापासून वाचवत नाही, फक्त खूण दिसत नाही. मागच्या, अंधाऱ्या फळीवरची बाटली मागायची, शोकेसमधली नाही.

बुचाचा आणखी एक दोष असतो, त्याला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो. तो फिरकीत जवळजवळ नसतो. तसा वास आला तर वाढू नका. पिऊन कोणी आजारी पडत नाही, पण वाईनमधलं फळ मेलेलं असतं.

मुग्धा_कोथरूड

थंड किती करायची? फ्रीज आम्रखंड आणि मटणानं भरलेला असेल.

द्राक्षबाग

फ्रीज नकोच. धुण्याची बादली घ्या (नवीन!), निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी थंडगार होते, फ्रीजमध्ये त्याला तीन तास लागतात. नुसता बर्फ घालू नका. बर्फ बाटलीला मोजक्याच जागी टेकतो, पाणी सगळीकडून भिडतं. ब्रूट नीट थंड झाली नसेल तर उघडताना छतापर्यंत फेस जातो.

आणि कॅप्टन, "खोलीचं तापमान" हा युरोपातल्या थंड घरांचा हिशेब आहे, १६ ते १८ अंश. पुण्यात संध्याकाळी हॉलमध्ये २८ असतं. त्या तापमानाला लाल वाईन नुसता अल्कोहोलचा भपका देते. पान वाढायच्या अर्धा तास आधी तीही फ्रीजच्या दारात ठेवा, अर्धाच तास.

हात हा शेवटचा मुद्दा. भाकरी-मटण खाताना उजवा हात मसाल्याचा. त्या हातानं ग्लास उचलला की काचेवर तेल आणि नाकाशी लसणाचा वास, वाईनचा काही कळत नाही. दांडीचे ग्लास असतील तर पानाच्या डावीकडे मांडा. लोक आपोआप डाव्या हातानं उचलतात.

श्टुटगार्टचा_शिरीष

डाव्या हाताचं भारी आहे! इथे मी नेपकिन वाटत बसतो.

मुग्धा_कोथरूड

पार्टी झाली, वृत्तांत देते.

सहा घेतल्या: एक ब्रूट, तीन शेनिन, दोन लाल (दुसरी लाल कॅप्टनना मान देऊन).

ब्रूट बादलीत पंचवीस मिनिटं ठेवली. मीठ टाकल्यावर बादली एवढी गार की हात बुडवता येईना. कोथिंबीर वडी आणि ब्रूट हे प्रकरण एवढं जमलं की वड्या पावणेनऊला संपल्या आणि मला परत तळायला जावं लागलं. ब्रूट पहिल्या अर्ध्या तासात खलास. दोन शेनिन साडेनऊपर्यंत संपल्या, तिसरी उघडली. सुरमईबरोबर एका मित्रानं हट्टानं लाल घेतली आणि म्हणाला, स्टीलचा चमचा चोखल्यासारखं लागतंय. मी काही बोलले नाही, पण बरं वाटलं.

चूक एक झाली. लाल फ्रीजच्या दारात ठेवली आणि गप्पांत विसरले, दीड तास राहिली. पहिला घोट घेतल्यावर सगळ्यांचे चेहरे सुपारी चघळल्यासारखे. वीस मिनिटं टेबलावर राहिल्यावर सुधारली.

रस्सा आणि लाल: चौघांना अजिबात नाही. पण नवरा आणि वाकडच्या वहिनी म्हणाल्या, तिखटावर तिखट हीच तर मजा. त्या दोघांनी जेवताना रश्श्याबरोबरच लाल घेतली, सोलकढीला हातही लावला नाही. शाकाहारी वहिनींना वांग्याबरोबरही लालच आवडली.

एकूण पावणेपाच बाटल्या गेल्या. एक लाल न उघडता उरली, दुसरीची पाऊण संपली.

भटका_कॅप्टन

बघा, दोघांना रश्श्याबरोबर आवडली ना!

द्राक्षबाग

दोघांना आवडली, चौघांना नाही. आवडणाऱ्यांशी मी भांडत नाही. मिरचीची आग ज्यांना हवीच असते त्यांच्यासाठी सगळे नियम उलटे. पण तुमची दुसरी बाटली बंदच राहिली, तेवढं लक्षात असू द्या.

मुग्धाताई, लाल थंड झाल्यावर सुपारीसारखी लागली कारण थंडीत तुरटपणा वर येतो आणि फळ दबतं. पुढच्या वेळी मोबाईलवर गजर लावा. उरलेली पाव बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. मटणाच्या पुढच्या वाटणात अर्धी वाटी घातलीत तरी चालेल.

रेवा_पणजी

वाटणात वाईन?? नवऱ्याला सांगते, आता पोर्टचा प्रयोग करते.

आप्पा_सातारकर

वृत्तांत वाचला. द्राक्षासव कोणाला दिलंत की नाही ते लिहिलं नाही.